अवतरणानंतरचे वाक्य : प्रस्तावना

साहित्यकृतीविषयी एखादे विधान करणे आणि ते विधान त्या कृतीच्याच शब्दांनी सिद्ध करणे या दोन निरनिराळ्या क्रिया असून दुसरी पहिलीपेक्षा पुष्कळच कष्टाची आहे, ही गोष्ट, मराठी विषय घेऊन पदवी परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका ज्याने काही वर्षे तपासल्या आहेत, त्याला वेगळी सांगावी लागत नाही. त्या उत्तरपत्रिकांत अवतरणांचा तुटवडा सहसा नसतो. पाठ करून आणलेल्या ओळी दुहेरी चिन्हांत बंदिस्त होऊन परिच्छेदाच्या मध्यभागी विराजमान झालेल्या असतात आणि पुष्कळदा त्यांच्याखाली रेघही ओढलेली असते. परंतु त्या ओळी तेथे कशासाठी आल्या, त्यांतील कोणत्या शब्दावर भिस्त ठेवून लिहिणारा आपले म्हणणे मांडीत आहे, आणि त्या गाळल्या तर परिच्छेदाचे नेमके काय बिघडेल, हे शोधू गेल्यास वाचणाऱ्याला बहुधा रिकाम्या हाताने परतावे लागते. प्रस्तुत पुस्तिका या एका उणिवेपुरती आहे. परिच्छेदात अवतरणाची ओळख कशी करून द्यावी, ते आपल्या वाक्यात कसे बसवावे आणि बसविल्यानंतर त्याचा अर्थ कसा उलगडावा, एवढाच तिचा विषय. रसग्रहणाच्या किंवा समीक्षेच्या इतर अंगांना तिने हात घातलेला नाही.

ही पुस्तिका कर्वेनगरात तयार झाली, हा केवळ योगायोग नव्हे. आज ज्या भागास आपण कर्वेनगर म्हणतो तो पूर्वीच्या हिंगण्याचा परिसर. सन १८९६ मध्ये स्थापन झालेला अनाथ बालिकाश्रम सन १९०० मध्ये येथील झोपडीत आला, आणि सन १९१६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी ज्या महिला विद्यापीठाचा पाया येथे घातला त्याने मातृभाषा हेच उच्च शिक्षणाचे माध्यम ठरविले. ‘गृहीतागमा’ ही पदवी घेणाऱ्या येथील विद्यार्थिनींना आपले विवेचन मराठीतून लिहावयाचे होते, आणि कोणत्याही भाषेत विवेचन लिहू लागले की दुसऱ्याचे शब्द आपल्या वाक्यात कसे घ्यावयाचे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा राहतो. याच परिसराशी निगडित तीन आत्मचरित्रे मराठीत आहेत : अण्णासाहेबांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५), पार्वतीबाई आठवल्यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) आणि बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४). या पुस्तिकेतील बरेचसे स्वाध्याय या तीन पुस्तकांवर आधारलेले आहेत. कारण एकाच काळाकडे आणि पुष्कळ अंशी एकाच कार्याकडे पाहणारे तीन आवाज शेजारी शेजारी मिळाले म्हणजे अवतरणाचा पहिला नियम, की बोलणारा कोण हे सांगितल्यावाचून शब्द पुढे करू नयेत, तो आपोआपच अंगवळणी पडतो.

अवतरणाची ओळख, त्याची योजना आणि त्याचे स्पष्टीकरण हा त्रिविध क्रम आपल्याकडे बाहेरून आला असे समजण्याचे कारण नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस केशिराजबासांनी सिद्ध केलेला महानुभावांचा ‘दृष्टांतपाठ’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याची रचना आठवत असेल. प्रथम सूत्र येते, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र आणि दृष्टांत हे चक्रधरांचे वचन; दार्ष्टांतिक मात्र केशिराजांचे, आणि दृष्टांतातील कोणती गोष्ट सूत्रातील कोणत्या गोष्टीशी जुळते हे सांगणे हे त्याचे काम. जात्यंध आणि हत्ती यांची सर्वपरिचित कथा त्या ग्रंथात आहे. वाचकाला ती कथा आधीच ठाऊक असते, तरीही ती या ठिकाणी कशासाठी सांगितली हे दार्ष्टांतिक वाचल्यावरच कळते. कथेवरून श्रोत्याने काय ताडावे ते त्याच्यावर सोपवून केशिराज मोकळे झाले नाहीत. श्रद्धेय गुरूच्या शब्दांनाही जर जोडून दाखविण्याची गरज त्यांना वाटली, तर आपल्या निबंधातील ओळ स्वतःच बोलेल या भरवशावर आपण राहणे युक्त नव्हे. विद्यार्थ्याच्या परिच्छेदात सूत्र असते आणि दृष्टांतही असतो. नसते ते दार्ष्टांतिक. पुस्तिकेच्या नावात अवतरणानंतरच्या वाक्याला जे स्थान दिले आहे ते यासाठी.

आता हा विषय प्रत्यक्ष उताऱ्यावर पाहू. खालील मजकूर कोणत्याही प्रकाशित पुस्तकातला नाही. तो या प्रस्तावनेसाठी मीच रचला आहे, आणि तसे करण्यास कारण आहे. ओळखीचा उतारा समोर आला की त्यावरचे ओळखीचे भाष्यही पाठोपाठ येते, आणि मग विद्यार्थी उतारा वाचून लिहीत आहे की मार्गदर्शिका आठवून, हे कळण्यास मार्ग उरत नाही. हा मजकूर एका कथेतील सुनेचे निवेदन आहे असे समजावे :

“मामंजींनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, ‘आता हे घर तुझंच.’ मी जुडगा उचलला. कोठीची किल्ली त्यात नव्हती. मी काही बोलले नाही. पदर सावरला आणि चुलीकडे वळले.”

यावर नेहमी हाती येणारा परिच्छेद साधारणतः असा असतो : “या कथेत लेखिकेने स्त्रीच्या घुसमटीचे प्रभावी चित्रण केले आहे. ‘आता हे घर तुझंच.’ यावरून तत्कालीन समाजातील स्त्रीचे दुय्यम स्थान आपल्या लक्षात येते. अशा प्रकारे लेखिकेने स्त्रीजीवनाचे विदारक दर्शन घडविले आहे.” या परिच्छेदातील विधान चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. दोष निराळाच आहे. जी ओळ पुरावा म्हणून दिली तिचा सरळ अर्थ विधानाच्या नेमका उलट आहे. घर तुझेच आहे असे सांगणाऱ्या वाक्यावरून दुय्यम स्थान कसे लक्षात येते, याचा खुलासा कोठेच नाही. ती ओळ कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हणाले हेही नाही. आणि शेवटचे वाक्य तर असे की, ते कोणत्याही कादंबरीतील कोणत्याही ओळीखाली नेऊन ठेवले तरी तितकेच खपून जाईल. परीक्षकाला तीन वाक्ये मिळाली, पण उताऱ्याचे वाचन मिळाले नाही.

पहिली पायरी ओळख करून देण्याची. न्यायालयात एखादा दस्तऐवज नुसता दाखल केल्याने तो पुराव्यात वाचला जात नाही. तो कोणी लिहिला, कोणाच्या कबजातून आला हे शाबीत व्हावे लागते, त्यावर निशाणी पडावी लागते, आणि मग वकिलाला त्यातील नेमक्या कलमावर बोट ठेवावे लागते. अवतरणाच्या आधीचे वाक्य ही निशाणी होय. त्यात तीन बाबी याव्यात : बोलणारा, बोलण्याचा प्रसंग आणि आपण ती ओळ कशासाठी पुढे करीत आहोत याची दिशा. पहिल्या दोन बाबी विद्यार्थी पुष्कळदा अतिरेकाने देतात. सबंध कथानक सांगून मग ओळीवर येतात. वाचकाने मूळ कृती वाचलेली आहे असे धरून, ओळ समजण्यास अवश्य तेवढाच प्रसंग सांगावा. आपल्या उताऱ्यात ‘जुडगा सुनेच्या पुढ्यात ठेवताना मामंजी म्हणतात’ एवढे पुरे आहे. सासऱ्यांचा स्वभाव किंवा घराची सांपत्तिक स्थिती येथे आणण्याचे प्रयोजन नाही.

बोलणारा कोण ही बाब आत्मचरित्राच्या संदर्भात विशेष नाजूक होते. सन १८९३ च्या मार्चमध्ये झालेला अण्णासाहेब कर्वे आणि गोदूबाई यांचा पुनर्विवाह घ्या. ‘आत्मवृत्त’ प्रसिद्ध झाले ते त्या विवाहानंतर २२ वर्षांनी, आणि ‘माझे पुराण’ ५१ वर्षांनी. एकात तत्त्व अंगीकारून वागलेला पुरुष बोलतो. दुसऱ्यात, गोदूबाईची आनंदीबाई आणि पुढे सर्वांची बाया झालेली स्त्री आपल्याच आयुष्याकडे मागे वळून पाहते. या दोहोंतील ओळी ‘कर्वे कुटुंबाला झालेला विरोध’ या एकाच मथळ्याखाली, बोलणाऱ्याचे नाव आणि अंतराचा हिशेब न देता जो ओळीने मांडतो, त्याने दोन साक्षींची एकच साक्ष करून टाकली असे होते. शिवाय आत्मचरित्रातील ‘मी’ दोन असतात, घटना भोगणारा आणि पुष्कळ वर्षांनी ती लिहिणारा; अवतरणातील शब्द यांपैकी कोणाचा, हे ओळखीच्या वाक्यातच स्पष्ट व्हावयास हवे. ‘बाया त्या वेळी म्हणाल्या’ आणि ‘बाया वृद्धापकाळी लिहितात’ या दोन सुरुवातींतून एकाच ओळीची दोन वेगळी वाचने निघतात.

दुसरी पायरी अवतरण आपल्या वाक्यात बसविण्याची, आणि येथे मराठीच्या घडणीचे काही विशेष ध्यानात ठेवावे लागतात. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते. त्यामुळे ‘असे’ या शब्दाच्या आधाराने अवतरण दिले म्हणजे ते वाक्याच्या पोटात राहते आणि त्याचा निकाल क्रियापदापर्यंत लांबतो : मामंजी ‘आता हे घर तुझंच’ असे म्हणतात. चारपाच शब्दांच्या अवतरणाला ही रचना उत्तम. परंतु चार ओळींचे अवतरण या पोटात कोंबले, तर ‘असे’पर्यंत पोहोचता पोहोचता वाचक कर्ता विसरतो. मोठे अवतरण द्यावयाचे असेल तेव्हा आपले वाक्य ‘की’वर किंवा अपूर्णविरामावर पुरे करून अवतरण त्याच्यापुढे, आणि फारच मोठे असल्यास निराळ्या परिच्छेदात समास सोडून द्यावे.

‘की’चीही एक मेख आहे. मराठीत ‘की’ने जोडलेल्या वाक्यात बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच राहू शकतो. ‘सून सांगते की मी काही बोलले नाही’ हे वाक्य मराठीत पूर्ण शुद्ध आहे. परंतु विवेचन लिहिणाऱ्याचाही ‘मी’ त्याच परिच्छेदात वावरत असेल, तर अवतरणचिन्हांवाचून कोणता ‘मी’ कोणाचा हे कळेनासे होते, आणि शब्द मुळातले की सारांशातले हेही. म्हणून मुळातले शब्द असतील तर चिन्हे द्यावीतच. आणि सारांश असेल तर ‘आपण काही बोललो नाही असे ती सांगते’ अशी पुरुष बदललेली रचना करावी. यांच्या मधली, अर्धी मुळातली आणि अर्धी आपली, अशी रचना मात्र कटाक्षाने टाळावी.

याहून सूक्ष्म अडचण विभक्तीची आहे. मराठीत नामाला प्रत्यय लागताना त्याचे सामान्यरूप होते. उताऱ्यात ‘जुडगा’ आहे; परंतु ‘जुडग्याने तिला काय मिळाले’ असे लिहिताना ‘जुडग्या’ एवढे रूप अवतरणचिन्हांत घातले, तर उताऱ्यात नसलेले रूप आपण उताऱ्याच्या नावावर खपविले असे होते. यावर भाषेनेच तोड काढून ठेवलेली आहे : ‘जुडगा’ या शब्दाने, ‘आता हे घर तुझंच’ या वाक्यात, अशी मध्ये एका नामाची योजना करावयाची आणि प्रत्यय त्या नामाला लावावयाचा. आता ही निव्वळ व्याकरणाची सोय राहत नाही, हे येथे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. ‘आता हे घर तुझंच’ या आश्वासनात, या हुकमात, या औपचारिकतेत, या घोषणेत, अशी जी जी नामे आपण तेथे ठेवू, त्या त्या नामासरशी अवतरणाचा अर्थ एकेका बाजूला कलतो. ‘आश्वासन’ म्हटले की सुनेच्या मनात शंका होती असे गृहीत धरले. ‘घोषणा’ म्हटले की ऐकणारे आणखी कोणी तेथे आहेत असे सुचविले. ‘या ओळीत’, ‘या वाक्यात’ असे तटस्थ नाम प्रत्येक ठिकाणी टाकणारा विद्यार्थी शुद्ध लिहितो, पण हाती आलेली संधी दवडतो; आणि नको तेवढे जड नाम टाकणारा, जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरून चालतो. हे नाम उताऱ्यात आधार सापडेल तेवढेच बोलणारे असावे.

अवतरण केवढे घ्यावे, याचा निर्णयही याच पायरीवर होतो. ज्या शब्दांविषयी आपण पुढे काही बोलणार आहोत तेवढेच शब्द उचलावेत. पाच वाक्यांचा सबंध उतारा उतरून घेऊन त्याखाली त्याचाच गोषवारा लिहिणे हा उत्तरपत्रिकांतील फार मोठा व्यवहार आहे. त्याने पान भरते, परंतु वाचकाला जे दिसलेच होते तेच दुसऱ्यांदा दिसते.

तिसरी पायरी उलगडून दाखविण्याची. उलगडणे म्हणजे अवतरणाचा अर्थ सोप्या शब्दांत पुन्हा सांगणे नव्हे. अवतरणातील एखादा शब्द, एखादे अव्यय, वाक्यांचा क्रम किंवा अपेक्षित असूनही न आलेली गोष्ट, यांपैकी कशावर तरी बोट ठेवून ‘हे असे आहे, म्हणून माझे विधान उभे राहते’ असा दुवा जोडणे म्हणजे उलगडणे. वरील उताऱ्यावर या रीतीने लिहिलेला परिच्छेद असा होईल :

“सासऱ्यांनी सुनेला दिलेला अधिकार शब्दांत पुरा आणि वस्तूंत अपुरा आहे, आणि हे अंतर तिच्या ध्यानात आलेले आहे. जुडगा तिच्या पुढ्यात ठेवताना मामंजी ‘आता हे घर तुझंच’ असे म्हणतात. ‘तुझंच’ या शब्दातील ‘च’ने घरावरचा इतर सर्वांचा हक्क बोलण्यापुरता तरी काढून टाकला आहे. जुडगा उचलल्यानंतर सून जी पहिली गोष्ट नोंदविते ती मात्र ‘कोठीची किल्ली त्यात नव्हती’ ही. या नोंदीत ‘पण’ नाही, आश्चर्य नाही, किल्ली कोणाकडे राहिली याची विचारणा नाही. तरीही धान्य जिथे साठते ती कोठी आपल्या हाती आली नाही, हे तिने पाहताक्षणीच हेरले, यावरून हे घर कोणत्या किल्लीने चालते हे तिला पक्के ठाऊक आहे असे दिसते. लगेच येणारे ‘मी काही बोलले नाही’ हे वाक्य त्याला दुजोरा देते. बोलण्यासारखे काही आहे हे जिला कळले, तिलाच आपण बोललो नाही हे सांगावेसे वाटते.”

या परिच्छेदात अवतरणे तीन आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठे चारच शब्दांचे आहे. प्रत्येकाच्या आधी बोलणारा स्पष्ट आहे आणि प्रत्येकाच्या नंतर त्या अवतरणातल्याच कशाचा तरी निर्देश आहे : एके ठिकाणी ‘च’चा, दुसऱ्या ठिकाणी गैरहजर असलेल्या ‘पण’चा, तिसऱ्या ठिकाणी मौन सांगावेसे वाटण्याचा. पहिले अवतरण आणि दुसरे यांच्यामध्ये ‘मात्र’ हा शब्द परिच्छेद लिहिणाऱ्याने घातला आहे. सुनेने जो विरोध उच्चारला नाही तो विवेचकाने आपल्या जबाबदारीवर उच्चारला, आणि सुनेच्या तोंडी मात्र घातला नाही. शेवटी विधान पुन्हा घोळवले नाही, कारण तिसऱ्या अवतरणाच्या उलगड्यातच ते पुरे झाले आहे.

परिच्छेद साधला की नाही हे पाहण्याच्या दोन कसोट्या या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा वापरल्या आहेत. पहिली अशी की, अवतरणावर बोट ठेवून ते झाकावे आणि त्यानंतरचे वाक्य वाचावे. अवतरण न दिसताही ते वाक्य पूर्ववत समजत असेल, तर त्याने अवतरणाला स्पर्श केलेला नाही. ‘तत्कालीन समाजातील स्त्रीचे दुय्यम स्थान लक्षात येते’ हे वाक्य झाकल्या अवतरणाखालीही सुखाने नांदते. ‘या नोंदीत पण नाही’ हे वाक्य मात्र अवतरण झाकताच अधांतरी लोंबकळू लागते, आणि तसे ते लोंबकळणे हेच त्याचे भूषण आहे. दुसरी कसोटी अशी की, अवतरणाच्या जागी त्याच कृतीतील दुसरी एखादी ओळ ठेवून पाहावी. परिच्छेद तसाच चालू राहिला, तर मूळ ओळ निवडण्यामागे काही विचार नव्हता असे खुशाल समजावे. या दोन्ही कसोट्या लिहून झाल्यावर लावावयाच्या आहेत. लिहीत असतानाच त्या मानेवर बसवून घेतल्यास एकही वाक्य पुरे होत नाही.

पुरावा जेवढा आहे तेवढेच म्हणण्याची मर्यादा हा या कामाचा चौथा, न दिसणारा भाग होय. आपल्या उताऱ्यावरून मामंजी कपटी आहेत असे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु कोठीची किल्ली जुडग्यातून कोणी काढली हे उतारा सांगत नाही. ती सासूबाईंच्या कमरेला असू शकेल, आणि मामंजींना त्याची दादही नसेल. म्हणूनच वरील परिच्छेदात ‘दिलेला अधिकार अपुरा आहे’ एवढेच म्हटले, ‘हातचा राखून दिला’ असे म्हटले नाही. त्याचप्रमाणे ‘चुलीकडे वळले’ या शब्दांचा उपयोग तेथे केलेला नाही, तो विसरून नव्हे. त्या वळण्याला निमूट स्वीकार म्हणता येईल आणि आपल्या हाती जे आहे ते ताब्यात घेण्याची सुरुवातही म्हणता येईल. उरलेली कथा वाचल्यावाचून यांतील एका बाजूला कौल देणे हे अवतरणावर जबरदस्ती करणे ठरेल. ज्या ओळीच्या दोन अर्थांतून एक आपल्याला निवडता येत नाही ती एकतर सोडावी, किंवा तिचे दोन अर्थ हाच मुद्दा करावा.

आता अवतरणाच्या शुद्धतेविषयी. येथे शुद्ध म्हणजे मुळाप्रमाणे; आजच्या नियमांप्रमाणे नव्हे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम सन १९६२ मध्ये मान्य झाले आणि सन १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यापूर्वी छापलेल्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार सर्रास आढळतात, आणि वर सांगितलेली हिंगण्याची तिन्ही आत्मचरित्रे त्याआधीचीच आहेत. त्यांच्या जुन्या आवृत्तीतून ओळ उचलताना ‘घरें’, ‘केलें’, ‘कां’ या रूपांवरचे अनुस्वार पुसून टाकणे म्हणजे अवतरणात फेरफार करणे होय; आणि आजच्या पुनर्मुद्रणातून ओळ घेऊन तिला जुने दिसावे म्हणून अनुस्वार चढविणे हाही तितकाच फेरफार होय. ज्या प्रतीतून घेतले त्या प्रतीप्रमाणे द्यावे आणि ती प्रत कोणती ते सांगावे, एवढाच नियम पुरतो. मधले शब्द गाळले तर टिंबे द्यावीत, आणि गाळल्याने अर्थ फिरत नाही ना हे पाहावे. उताऱ्यातील ‘कोठीची किल्ली त्यात नव्हती’ हे वाक्य टिंबांच्या पोटात घालून उरलेले कोणी उद्धृत केले, तर चिन्हांचे सर्व नियम पाळूनही त्याने सुनेची साक्ष उलटी फिरविली असे होईल.

प्राचीन वाङ्मयात प्रतीचा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. ज्ञानेश्वरीचे संशोधन एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये केले, आणि पाटांगणच्या पोथीवरून राजवाड्यांनी सन १९०९ मध्ये जी ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली तिचा पाठ प्रचलित पाठाहून ठिकठिकाणी वेगळा आहे. तुकोबांच्या अभंगांचे क्रमांक गाथेगाथेत बदलतात. एखाद्या शब्दरूपावर सारा युक्तिवाद उभा करणाऱ्या विद्यार्थ्याने ते रूप दुसऱ्या प्रतीत आहे की नाही हे पाहिले नसेल, तर त्याच्या परिच्छेदाचा डोलारा एका पाठभेदासरशी खाली येण्याचा संभव असतो. म्हणून ओवी किंवा अभंग देताना नुसता क्रमांक न देता आवृत्तीचाही उल्लेख करावा, अशी पद्धत या पुस्तिकेत सर्वत्र ठेवली आहे. स्मरणातून दिलेल्या ओळी परीक्षेच्या दालनात अपरिहार्य असतात, हे मान्य. पण तेथेही खात्रीचे तीन शब्द चिन्हांत देऊन बाकीचा आशय आपल्या शब्दांत सांगणे, हे अंदाजाने रचलेल्या दोन पूर्ण ओळींपेक्षा अधिक प्रामाणिक आणि अधिक उपयोगी असते.

पुस्तिकेची मांडणी वरील क्रमानेच केली आहे. पहिल्या भागात ओळखीच्या वाक्यांचे, दुसऱ्यात वाक्यरचनेचे आणि तिसऱ्यात उलगड्याचे स्वाध्याय आहेत. चौथ्या भागात काही पूर्ण परिच्छेद दिले असून त्यांतील अवतरणानंतरचे वाक्य काढून घेतले आहे. ते विद्यार्थ्याने लिहावयाचे आहे. त्या भागाची उत्तरे शेवटी छापलेली नाहीत, याबद्दल काही शिक्षकांनी हस्तलिखित पाहताना हरकत घेतली होती. त्यांना जे सांगितले तेच येथे नमूद करतो : छापलेले उत्तर एकच असते, आणि त्या रिकाम्या जागी एकाहून अधिक वाक्ये न्यायाने बसू शकतात. शिक्षकांनी दोन विद्यार्थ्यांची दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहावीत, अवतरण झाकावे आणि त्यांतील कोणते वाक्य त्यावाचून उभे राहते ते वर्गाला विचारावे. जे उभे राहील ते पुसावे.

कर्वेनगर, पुणे